कोरा कागद नेमका कुठे घ्यायचा? शून्याधारित बजेटच्या पायऱ्या आणि त्यांचा क्रम

शून्याधारित बजेट करायला बसलेली मंडळी बहुधा पहिल्याच तक्त्यात चुकतात. डावीकडे खर्चाची नावं, मधे गेल्या वर्षीचा आकडा, उजवीकडे यंदाची मागणी, असा तक्ता सगळ्या विभागांना जातो. मधला रकाना समोर असला की माणूस त्याच्याच आसपास लिहितो. गेल्या वर्षी ११० होते तर यंदा ११५. मग कारण शोधलं जातं आणि वर 'शून्याधारित' असं शीर्षक चढतं. असे तक्ते मी इतके तपासले आहेत की आता मधला रकाना दिसला की पुढचं वाचायची गरज वाटत नाही.

वाढीव आणि शून्याधारित या दोन पद्धतींतला फरक थोडक्यात सांगतो. वाढीव बजेटमध्ये गेल्या वर्षीची रक्कम मान्यच धरलेली असते. चर्चा होते ती फक्त वर किती टक्के द्यायचे याची. शून्याधारित बजेटमध्ये मान्य असं काहीच नसतं, सुरुवात कोऱ्या कागदावर होते. काम करायचं का, किती करायचं, कसं करायचं हे ठरतं आणि रक्कम सगळ्यात शेवटी येते. दुसऱ्या पद्धतीला कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून ती सगळ्या खर्चांवर लावणं हा शुद्ध तोटा आहे. कुठे लावायची हे ठरवणं हीच पहिली पायरी.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो. दीडशे माणसांच्या एका संस्थेचा प्रशासन विभाग घेऊ. त्याचा गेल्या वर्षीचा एकूण खर्च १००० धरू. चलन कोणतंही असो. त्यात जागेचं भाडं ४२०, साफसफाई आणि सुरक्षा १८०, सॉफ्टवेअरचे परवाने १६०, प्रवास ११०, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण ७०, छपाई आणि कुरिअर ६०. वाढीव पद्धतीने सरसकट ६ टक्के दिले तर १०६० होतात आणि काम अर्ध्या तासात संपतं.

## पायरी १ : खर्चाचे तीन ढीग करा

पहिला ढीग बांधील खर्चाचा. करार झालेला आहे, वर्षभर तो मोडता येत नाही किंवा मोडणं महाग पडतं. आपल्या उदाहरणात भाडं इथे येतं. करारातच ५ टक्के वाढ लिहिली असेल तर ४४१ लिहा आणि पुढे चला. यावर कोरा कागद घेऊन बसणं म्हणजे उगाच डोकेफोड.

दुसरा ढीग कामाच्या प्रमाणात आपोआप ठरणाऱ्या खर्चाचा. उत्पादनाला लागणारा कच्चा माल, पॅकिंग, माल पाठवण्याचं भाडं. इथे एका नगाला किती लागतं हे आधीच मोजलेलं असतं, त्यामुळे नगांची संख्या बदलली की रक्कम बदलते. हा खर्च कमी करायचा असेल तर वाया जाणाऱ्या मालाकडे किंवा खरेदीच्या दराकडे बघावं लागतं. ते काम बजेटच्या बैठकीत होत नाही.

तिसरा ढीग ऐच्छिक खर्चाचा. किती करायचा हे कोणीतरी माणूस ठरवतो आणि जास्त-कमी केल्याने उद्या सकाळी काही बंद पडत नाही. सॉफ्टवेअर, प्रवास, छपाई, प्रशिक्षण, जाहिरात, सल्लागार हे सगळे इथले. कोरा कागद याच ढिगासाठी.

सावधान : साफसफाई आणि सुरक्षेचा करार वर्षाच्या मधेच संपत असेल तर तो खर्च अर्धा पहिल्या ढिगात आणि अर्धा तिसऱ्या ढिगात जातो. करार संपण्याच्या तारखा न बघता ढीग केले की पुढचं सगळं गणित चुकतं.

## पायरी २ : तिसऱ्या ढिगातलेही सगळे घेऊ नका

ऐच्छिक आहे म्हणून प्रत्येक खर्च कोऱ्या कागदावर आणावाच असं नाही. मी तीन प्रश्न विचारतो. मूळ आकडा ठरला तेव्हाची परिस्थिती आज बदलली आहे का? म्हणजे माणसं कमी-जास्त झाली, कामाची पद्धत बदलली, दोन विभाग एकत्र झाले. हा खर्च बंद किंवा कमी करायचा अधिकार या बैठकीतल्या कोणाकडे आहे का? आणि छाननीला लागणाऱ्या वेळाच्या मानाने रक्कम पुरेशी मोठी आहे का?

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तरच कोरा कागद. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असताना केलेली छाननी सगळ्यात वाईट, कारण लोक आठवडाभर राबतात आणि शेवटी वरून निरोप येतो की याला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी तीच माणसं मन लावून काही लिहीत नाहीत.

आपल्या उदाहरणात प्रशिक्षणाचा आकडा दोनच वर्षांपूर्वी नीट तपासून ठरलेला आहे, तो वाढीव पद्धतीनेच जाऊ दे. सफाईचा करार वर्षभर चालू आहे. उरले सॉफ्टवेअर, प्रवास आणि छपाई-कुरिअर. मिळून ३३०, म्हणजे विभागाच्या खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढं पुरे.

## पायरी ३ : निर्णयाचे घटक पाडा

ज्याबद्दल 'करू' किंवा 'नको' असं स्वतंत्रपणे म्हणता येईल असा कामाचा तुकडा म्हणजे एक घटक. 'प्रवास' हा घटक होत नाही, कारण संपूर्ण प्रवासाला कोणी नको म्हणणार नाही. 'पाच केंद्रांची तिमाही तपासणी' हा घटक आहे. उलट बाजूने 'एका केंद्राची एक भेट' इतका बारीक तुकडाही नको.

बारीक तुकड्यांचं काय होतं याचं उदाहरण सरकारी पातळीवर घडून गेलं आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९७३च्या आर्थिक वर्षासाठी ही पद्धत वापरली तेव्हा सुमारे दहा हजार प्रस्ताव जमा झाले. एवढे कागद एका माणसाने वाचून त्यांची तुलना करणं अशक्यच. अंतिम निर्णय घेणाऱ्यासमोर वीस-पंचवीसपेक्षा जास्त प्रस्ताव येणार असतील तर तुकडे मोठे करा.

## पायरी ४ : प्रत्येक घटकाचा प्रस्ताव लिहा, संख्येपासून सुरुवात करून

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. एका घटकाचा प्रस्ताव एका पानात बसला पाहिजे आणि त्यात हा क्रम पाळला पाहिजे. काम कशासाठी आहे आणि त्याचा उपयोग कोणाला होतो. तेच काम दुसऱ्या कोणत्या रीतीने होईल. काम अजिबात केलं नाही तर नेमकं काय होईल, कधी आणि कोणाला. मग संख्या. मग दर. रक्कम सर्वात खाली, आणि तीही हाताने टाकलेली नको. संख्या गुणिले दर गुणिले महिने अशीच आली पाहिजे.

गेल्या वर्षीचा आकडा या पानावर कुठेच नको. तो लेखा विभागाकडे राहू दे, शेवटी ताळा करायला उपयोगी पडतो.

आता सॉफ्टवेअरचं पान जवळून बघू. गेल्या वर्षी २०० परवाने होते, प्रत्येकी वर्षाला ०.८, म्हणून १६०. विभागप्रमुखाला विचारलं तर तो म्हणेल, 'सगळे वापरतात, उलट दहा कमीच पडतात.' त्याला विचारू नका. प्रणालीतून गेल्या ९० दिवसांत लॉगिन केलेल्यांची यादी काढा. यादीत ११८ नावं निघाली. संस्थेत माणसंच १५० आहेत. म्हणजे निदान ५० परवाने अशा खात्यांवर चालू होते ज्यांच्यामागे आज माणूसच नाही. कोणी नोकरी सोडून गेलेलं, कोणाची बदली झालेली. उरलेल्यांपैकी बत्तीस जण आहेत, पण तीन महिन्यांत एकदाही आत शिरलेले नाहीत.

इथे थांबू नका. ११८ जण आत जाऊन करतात काय हेही बघा. त्यातले ४० जण फक्त अहवाल उघडून वाचतात, काही नोंदवत नाहीत. त्यांना फक्त वाचण्यापुरता परवाना चालतो, तो ०.३ला मिळतो. उरलेल्या ७८ जणांना पूर्ण परवाना लागतोच.

यातून तीन पातळ्या तयार होतात. किमान पातळीत ७८ पूर्ण परवाने, ६२.४, वाचणाऱ्या चाळीस जणांना आठवड्यातून एकदा अहवाल मेलवर जाईल. त्याच्या वरची पातळी म्हणजे त्या चाळीस जणांना वाचनाचे परवाने, आणखी १२. त्याच्याही वर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी १२ पूर्ण परवाने राखीव, आणखी ९.६. तिन्ही मिळून वर्षाला ८४.

तपासा : किमान पातळी खरोखर किमान आहे का? तिच्यात काम चालतं पण काहीतरी गैरसोय होते, असं असायला हवं. गैरसोय काहीच नसेल तर लिहिणाऱ्याने चालू पातळीलाच किमान म्हटलं आहे. 'किमान म्हणजे चालू खर्चाच्या ८० टक्के' असा सरसकट नियम देऊ नका. तो दिला की लोक पुन्हा गेल्या वर्षीच्या आकड्याकडे जाऊन त्याला ०.८ने गुणतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

सावधान : कपातीसाठी कोणी सर्वात लाडकी, सर्वांच्या नजरेत भरणारी गोष्ट पुढे करत असेल तर संशय घ्या. 'पैसे कमी केलेत तर तपासणीच्या भेटी बंद कराव्या लागतील' असं लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की भेटी कोणी बंद करणार नाही. अशा पानावर 'काम न केल्यास काय होईल' या प्रश्नाचं उत्तर भडक असतं, आणि 'दुसरी रीत कोणती' या प्रश्नापुढे मोकळी जागा असते. ती जागा भरून आणायला पान परत पाठवा.

बाकीचे दोन खर्च भराभर बघू. प्रवासात पाच केंद्रांना वर्षातून चार तपासणी भेटी, प्रत्येकी २, म्हणजे ४०. नवीन यंत्रणा बसवताना लागणाऱ्या ८ भेटी, प्रत्येकी २.५, म्हणजे २०. सगळ्यांचा वार्षिक मेळावा २५. बाहेरच्या परिषदांना चौघे, प्रत्येकी ४, म्हणजे १६. छपाई-कुरिअरमध्ये कायद्याने छापावीच लागणारी कागदपत्रं १८, कुरिअर २२, छापील वार्षिक अहवाल आणि डायऱ्या २०.

## पायरी ५ : क्रम लावण्याआधी करारांच्या तारखा घाला

ही पायरी जवळजवळ सगळेच विसरतात, आणि मग सहा महिन्यांनी 'बचत गेली कुठे' असा प्रश्न येतो.

सॉफ्टवेअरचा नवा हिशोब वर्षाला ८४चा आहे. १६०तून ८४ गेले, ७६ वाचले, असं वाटतं. पण चालू करार नव्या आर्थिक वर्षाचे पहिले चार महिने संपल्यावरच नूतनीकरणाला येतो. तोवर २०० परवान्यांचेच पैसे जाणार. १६० भागिले १२ गुणिले ४, म्हणजे ५३.३. उरलेल्या आठ महिन्यांना नवा दर, ८४ गुणिले ८ भागिले १२, म्हणजे ५६. पहिल्या वर्षाचा खर्च १०९.३ आणि बचत ५०.७. पूर्ण ७६ची बचत दुसऱ्या वर्षी दिसेल.

नूतनीकरणाच्या किती दिवस आधी लेखी सूचना द्यायची अट आहे हेही वाचा. ती तारीख हुकली आणि करार आपोआप पुढे सरकला तर ५०.७चे शून्य होतात. ही तारीख मी बजेटच्या तक्त्यातच वेगळ्या रकान्यात लिहितो, शेजारी सूचना देणाऱ्या माणसाचं नाव.

## पायरी ६ : एकाच यादीत क्रम लावा आणि रेषा ओढा

विभागवार याद्या करू नका. सगळ्या पातळ्या एकाच यादीत, सर्वात गरजेची वर. एखाद्या घटकाची वरची पातळी त्याच्याच किमान पातळीच्या आधी येऊ शकत नाही, एवढा एकच नियम.

उत्पन्नाच्या अंदाजावरून या तीन खर्चांसाठी २२० उपलब्ध आहेत असं धरू. त्यातून करारात अडकलेले ५३.३ आधी बाजूला काढा. उरले १६६.७. सॉफ्टवेअरच्या पातळ्या आता आठ महिन्यांच्या हिशोबाने घ्यायच्या.

| क्रम | काय | रक्कम | आतापर्यंत एकूण |
|---|---|---|---|
| १ | तपासणी भेटी | ४० | ४० |
| २ | ७८ पूर्ण परवाने | ४१.६ | ८१.६ |
| ३ | कायद्याने लागणारी छपाई | १८ | ९९.६ |
| ४ | कुरिअर | २२ | १२१.६ |
| ५ | नवीन यंत्रणेच्या भेटी | २० | १४१.६ |
| ६ | वाचनाचे परवाने | ८ | १४९.६ |
| ७ | राखीव परवाने | ६.४ | १५६.० |
| ८ | वार्षिक मेळावा | २५ | १८१.० |
| ९ | परिषदा | १६ | १९७.० |
| १० | अहवाल आणि डायऱ्या | २० | २१७.० |

रेषा सातव्या ओळीखाली येते. हातात १०.७ उरतात आणि इथेच गडबड होते. मेळावा बसत नाही, म्हणून खाली सरकून 'निदान दोघांना परिषदेला पाठवू, ८ला बसतं' असं कोणीतरी सुचवतं. तसं केलं की क्रम लावल्याला अर्थच उरत नाही. खालची वस्तू लहान म्हणून वरच्या वस्तूच्या पुढे गेली. मेळाव्याच्या प्रमुखाला विचारा, १०.७मध्ये काय करता येईल? एक दिवसाचा, अर्ध्या लोकांचा मेळावा उपयोगाचा असेल तर त्याने नवीन पान लिहावं. त्याला ते निरर्थक वाटत असेल तर पैसे राखीव ठेवा.

क्रम कोणी लावायचा? घटकाचा प्रमुख स्वतःपुरता क्रम लावतो, एकत्रित क्रम त्याच्या वरचा अधिकारी. मतदान घेऊ नका. मतदानात प्रत्येकाचं दुसऱ्या क्रमांकाचं आवडतं काम वर येतं आणि कंटाळवाणी पण आवश्यक कामं खाली जातात.

आता लेखा विभागाकडचा जुना आकडा काढा आणि ताळा करा. ५३.३ अधिक १५६ म्हणजे २०९.३. गेल्या वर्षी ३३०. कमी झाले १२०.७ : सॉफ्टवेअरमध्ये ५०.७, प्रवासात ५०, छपाईत २०. प्रवासात वर लिहिलेल्या कामांची बेरीज १०१ होते, खर्च मात्र ११० झाला होता. मधले ९ कोणत्याच पानावर नाहीत. ते कशावर गेले हे शोधा. एखादं खरं काम पानावर यायचं राहिलं असेल तर ते आत्ताच सापडलेलं बरं, सातव्या महिन्यात नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सॉफ्टवेअरची बचत मिळवायला एवढा खटाटोप लागत नव्हता. लॉगिनची यादी कोणीही कधीही काढू शकलं असतं. वाढीव पद्धतीत ती काढायचं कारण कोणाला पडत नाही, इतकंच. आणि मेळावा रद्द करून वाचलेले २५ ही बचत आहे की नुकसान, हे या तक्त्यावरून कळत नाही.

## पायरी ७ : महिन्याला ताळा, तोही संख्येचा

मंजूर बजेट लेखा प्रणालीत भरताना फक्त रक्कम भरली तर पानावरचं सगळं काम वाया जातं. प्रत्येक ओळीसोबत तिची संख्याही भरा : ७८ परवाने, ४० वाचक, २० भेटी. महिन्याच्या ताळ्यात आधी संख्या बघा. प्रवासाचा खर्च बजेटएवढाच आहे पण भेटी वीसऐवजी चौदाच झाल्या, तर दर वाढला आहे. नुसत्या रकमेत हे दिसत नाही, 'सगळं ठीक' असंच दिसतं.

सावधान : रद्द केलेला खर्च दुसऱ्या नावाने परत येतो. डायऱ्या 'स्टेशनरी'त येतात, परिषदा 'प्रशिक्षणा'त. आपण प्रशिक्षण वाढीव पद्धतीने सोडलं आहे, म्हणजे तिथे कोणी बारकाईने बघत नाही. पहिले तीन महिने शेजारच्या खात्यांवर नजर ठेवा.

## पायरी ८ : पुढच्या वर्षी काय?

पुढच्या वर्षी हेच तीन खर्च पुन्हा कोऱ्या कागदावर आणू नका. लोक गेल्या वर्षीची पानं उघडून तारीख बदलतात आणि पाठवतात. छाननी झालेला खर्च दोन-तीन वर्षं वाढीव पद्धतीने चालू द्या, पण टक्केवारी रकमेवर न लावता संख्या आणि दर वेगवेगळे बदला. परवान्याचा दर ४ टक्क्यांनी वाढला असेल तर दर बदला, माणसं पाच वाढली असतील तर संख्या बदला. दरम्यान कोऱ्या कागदावर दुसरे खर्च घ्या. या विभागात पुढचा नंबर साफसफाई आणि सुरक्षेचा, ज्या वर्षी तो करार संपेल त्या वर्षी.

मधेच पुन्हा कोरा कागद घ्यायची वेळ येतेही. दोन विभाग एकत्र झाले, कामाची जागा बदलली, उत्पन्न एकदम घसरलं किंवा नवीन कामच सुरू झालं, तर जुन्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. मात्र उत्पन्न घसरल्यावर घाईने करायला बसाल तर पाचवी पायरी आधी करा. करारांच्या तारखा बघितल्या की अनेकदा कळतं, या वर्षी सुटण्यासारखी रक्कम फारच थोडी आहे, आणि आठ पायऱ्यांऐवजी चार फोन करून सूचना देण्याच्या तारखा गाठणं जास्त तातडीचं आहे.